हेडफोन कानाला, आवाज हाताचा

पत्र

मी रात्रपाळीत काम करतो. आठवड्यातल्या दोन सुटीच्या रात्रीही शरीर तीच वेळ धरून बसतं, त्यामुळे एक ते पाच मी टक्क जागा असतो. तेव्हा बाहेरच्या खोलीत लॅपटॉपवर गेम खेळतो. बहुतेक वेळा मित्रांसोबत ऑनलाइन नेमबाजीचे सामने असतात. कान पूर्ण झाकणारे चांगले हेडफोन आहेत, स्पीकर बंद असतो. तरी बायको म्हणते, तुझ्यामुळे झोपमोड होते. मागच्या आठवड्यात दोन वर्षांची मुलगी रडत होती आणि मला ऐकूच आलं नाही, शेवटी तिच्या आईला उठावं लागलं. तेव्हापासून घरात धुसफूस आहे. गेमचा आवाज बाहेर जातच नाही, तर झोप मोडते कशी? रात्री हेडफोन लावून खेळता येतील असे शांत गेम कोणते? की हा नादच सोडून देऊ?

— रात्रीचा खेळाडू, वय ३४

उत्तर

नाद सोडायचा की नाही ते नंतर बघू. त्याआधी एक प्रयोग करा. दुपारी घर शांत असेल आणि निजायची खोली रिकामी असेल अशी वेळ निवडा. फोनवर आवाज रेकॉर्ड करायला लावा आणि फोन बायकोच्या उशीवर ठेवा. दार रात्री जितकं लोटलेलं असतं तितकंच लोटा. मग बाहेरच्या खोलीत नेहमीच्या जागी बसा, नेहमीचे हेडफोन लावा आणि मित्रांसोबत पंधरा मिनिटांचा एक सामना खेळा. फोन तिथे आहे हे विसरून, अगदी रात्रीसारखं खेळा. नंतर ते रेकॉर्डिंग ऐका.

मीही नऊ वर्षं रात्रपाळी केली आहे आणि हा प्रयोग मला माझ्या नवऱ्याने करायला लावला होता. मी शपथेवर सांगितलं असतं, की मी कुजबुजत बोलते. रेकॉर्डिंगमध्ये एक बाई "अरे मागे, मागे, मागे!" असं ओरडत होती. गेमचा आवाज खरंच कुठेच नव्हता. बाकी माऊसची टिकटिक, स्पेसबारचा धप्प आवाज, खुर्चीची कुरकुर आणि मी, असं सगळं होतं.

ह्याचं कारण साधं आहे. भोवती गोंगाट असला की माणूस नकळत आवाज चढवतो. एतियेन लोम्बार ह्या फ्रेंच डॉक्टरांनी १९११ मध्ये ही गोष्ट नोंदवली होती, आणि आजही तिला त्यांचंच नाव आहे. हेडफोनमध्ये गोळीबार चालू असतो तेव्हा तुमच्या मेंदूच्या हिशेबी तुम्ही गोंगाटात उभे असता. घर मात्र शांत असतं. त्यात कान झाकलेले, म्हणजे स्वतःचा आवाज किती चढला हेही धड कळत नाही. हेडफोनने गेमचं तोंड बंद केलं, तुमचं नाही.

माऊसच्या टिकटिकीचं वेगळं आहे. पंखा रात्रभर फिरतो आणि कुणाची झोप मोडत नाही, कारण तो एकसारखा असतो. टिकटिक तशी नसते. चार सेकंद शांतता, मग सात क्लिक, मग एक धप्प, मग पुन्हा शांतता. झोपेतला कान असल्या अनियमित आवाजाला लवकर सरावत नाही.

म्हणून "शांत गेम" ह्या शब्दाकडे मला जरा वेगळ्या बाजूने बघावंसं वाटतं. तुम्ही कमी आवाज करणारा गेम मागताय. तुम्हाला हवा आहे तुम्हाला कमी आवाज करायला लावणारा गेम. मंद संगीताचा, गोड चित्रांचा गेमसुद्धा मिनिटाला ऐंशी क्लिक मागत असेल तर तुमच्या घरात तो गोंगाटी आहे. आणि अंगावर काटा आणणारा, डोकं तापवणारा गेम मिनिटाला सहा क्लिकमध्ये भागत असेल तर तो शांत आहे. ह्याला मी आणखी दोन कसोट्या जोडेन: एका कानाने खेळता आला पाहिजे, आणि कुठल्याही क्षणी तसाच टाकून उठता आलं पाहिजे. दुसऱ्या दोन कसोट्या तुमच्या मुलीसाठी आहेत.

तिच्यापासूनच सुरुवात करू, कारण तुमच्या पत्रातली खरी ठिणगी तीच आहे असं मला वाटतं. बायको "झोपमोड" म्हणते, पण तिची तक्रार आवाजाची जास्त की तुम्ही घरात असून हाकेला नसण्याची जास्त, हे तिला एकदा विचारून पाहा. रात्री जागा असलेला एकमेव माणूस तुम्ही आहात. एरवी ह्याचा घराला फायदाच व्हायला हवा. दोन वर्षांच्या मुलीसाठी पहाटे तीनला उठायला कुणीतरी आधीच जागं आहे, ही कुठल्याही आईला हवीशी गोष्ट आहे. तुमचे हेडफोन तेवढीच गोष्ट हिरावून घेतात.

उपाय सोपा आहे: एक कान उघडा ठेवा. पण नुसता एक कप कानामागे सरकवला तर गेमचा अर्धा आवाज हरवतो, कारण उजवीकडचे आवाज उजव्या कपात आणि डावीकडचे डाव्यात येतात. त्यासाठी दोन्ही बाजू एकत्र करणारी सोय लॅपटॉपमध्येच असते. विंडोज ११ मध्ये ती इथे मिळेल:

```
Settings > Accessibility > Audio > Mono audio
```

ती चालू केली की पूर्ण आवाज एका कानात येतो. फोनमध्येही ऐकण्यासंबंधीच्या सोयींमध्ये ती असते. तुमच्याकडे कानात घालायचे इअरबड असतील आणि त्यात बाहेरचा आवाज आत घेणारा ट्रान्सपरन्सी मोड असेल, तर दोन्ही कानांत घालूनही चालेल. पण तोच प्रयोग उलटा करून खात्री करून घ्या: मुलगी झोपते तिथे फोनवर तिच्या रडण्याचं रेकॉर्डिंग बेताच्या आवाजात लावा आणि तुम्हाला खेळता खेळता ऐकू येतं का पाहा. बाहेरचा आवाज मारणारं नॉइज कॅन्सलेशन मात्र रात्री बंदच ठेवा. प्रवासात ते छान असतं. झोपलेल्या घराच्या राखणदाराला ते नको.

एका कानाने खेळताना आवाज वाढवायचा मोह होतो. तो टाळा. जागतिक आरोग्य संघटनेने मोठ्यांसाठी धरलेली मर्यादा ८० डेसिबल आठवड्याला ४० तास अशी आहे, आणि दर ३ डेसिबलला वेळ निम्मा होतो, म्हणजे ८३ ला २० तास. घरी डेसिबल मोजत बसायची गरज नाही. रात्री तीनला घरात मुळातच शांतता असते, त्यामुळे उघड्या कानाला भिंतीवरच्या घड्याळाची टिकटिक किंवा पंखा ऐकू येत राहील इतकाच आवाज ठेवा. पहिली दहा मिनिटं कमी वाटेल, मग कान सरावतो.

आता तुमच्या नेमबाजीच्या सामन्यांचं काय? तीन कसोट्यांपैकी एकीवरही ते उतरत नाहीत. क्लिक भरपूर. पावलं डावीकडून आली की उजवीकडून ह्यावर जीव अवलंबून, म्हणजे एका कानाने खेळणं जवळपास अशक्य. आणि थांबवता तर येतच नाहीत, कारण समोर खरी माणसं असतात. मुलगी रडली तर सामना टाकून उठायचं म्हणजे मित्रांना तोंडघशी पाडायचं, आणि मग माणूस "हा एवढा राउंड संपू दे" म्हणतो. ते सामने बंद करा असं मी म्हणत नाही. ते दिवसाच्या वेळेत न्या, उठल्यानंतरच्या तासात, घर जागं असताना. तेव्हा ओरडलात तरी फार तर हसतील.

रात्रीसाठी मी तुम्हाला एकच गेम सुचवायचा ठरवला असता तर तो "इन्टू द ब्रीच" असता. २०१८ चा आहे, साध्याशा लॅपटॉपवरही चालतो. आठ बाय आठ चौकटींचा पट, तुमची तीन यंत्रं, समोर जमिनीतून वर येणारे किडे. बुद्धिबळासारखी आळीपाळी. वैशिष्ट्य असं की शत्रू पुढच्या फेरीत कुठे वार करणार हे तुम्हाला आधीच दिसतं. त्यामुळे हात चालवण्यापेक्षा बघत बसावं लागतं: ह्याला एक घर ढकललं तर त्याचा वार त्याच्याच भावावर पडेल का?

क्लिकांचा हिशेब करून बघा. एका फेरीत तीन यंत्रं. प्रत्येकाला निवडा, हलवा, हत्यार निवडा, नेम दाखवा, म्हणजे चार क्लिक. तिन्ही मिळून बारा आणि फेरी संपवायचा एक, तेरा. चाल फिरवली तर चार-पाच जास्त धरा. पण एका फेरीला विचार करायला दोन-तीन मिनिटं सहज जातात. म्हणजे मिनिटाला सहा-सात क्लिक, तेही घाईने नाही, तुम्हाला हवं तेव्हा. एक लढाई साधारण चार-पाच फेऱ्यांची असते, म्हणजे दहा-पंधरा मिनिटांत एक तुकडा पूर्ण. मध्येच मुलगी रडली तर यंत्र आहे तिथे उभं राहतं आणि किडेही वाट बघतात. घड्याळ चालत नाही. अर्ध्या तासाने परत आलात तरी पट तसाच. ऐकू येणाऱ्या कुठल्याही आवाजावर काही अवलंबून नाही, एका कानाने तर सोडाच, आवाज पूर्ण बंद करूनही खेळता येतो.

गंमत म्हणजे आळीपाळीच्या गेममध्ये माऊसचीही गरज पडत नाही. लॅपटॉपच्या टचपॅडवर "टॅप करून क्लिक" ही सोय चालू असते किंवा करता येते. पॅड दाबायचं नाही, बोटाने नुसता स्पर्श करायचा. त्याचा आवाज उशीपर्यंत पोचत नाही. मित्रांसोबतच्या सामन्यात टचपॅड म्हणजे हात बांधून पोहणं. इथे काहीच फरक पडत नाही.

ह्याच जातीतला दुसरा म्हणजे "स्ले द स्पायर", पत्त्यांचा गेम. २०१९ मध्ये तो पूर्ण रूपात आला. पान उचला, टाका, फेरी संपवा. मध्येच बंद केलात तर ती लढाई पुन्हा पहिल्यापासून सुरू होते, बाकी काही जात नाही. एकच सावधगिरी: ह्याचा एक पूर्ण डाव तासाच्या पुढे जातो आणि हरलं की लगेच दुसरा मांडावासा वाटतो. पाचला झोपायचं असेल तर चारनंतर नवा डाव मांडू नका. इन्टू द ब्रीचमध्ये दर लढाईनंतर थांबायला जागा असते, इथे ती स्वतः ठरवावी लागते.

शांत गेम म्हटलं की सगळे "स्टारड्यू व्हॅली" सुचवतात. शेती, मासेमारी, गावकरी, गोड संगीत. मीही तो भरपूर खेळले आहे, पण रात्रीसाठी तो मी अटी घालूनच सुचवेन. गेममधला एक दिवस आपल्या घड्याळाने साधारण चौदा मिनिटांचा असतो आणि प्रगती फक्त तुमचा शेतकरी झोपला की साठवली जाते. मध्येच लॅपटॉप बंद करावा लागला तर तो सगळा दिवस वाया. एकट्याने खेळताना मेनू उघडला की वेळ थांबते, तेव्हा रडणं ऐकू आलं की मेनू उघडा आणि लॅपटॉप तसाच सोडून उठा. पाणी घालणं, दगड फोडणं, लाकूड तोडणं ह्या सगळ्याला मात्र क्लिकांचा पाऊस पडतो आणि मासेमारीत तर बटण सतत दाबून सोडावं लागतं. अवजार चालवायला माऊसऐवजी `C` हे बटण वापरता येतं, तेवढा फरक पडतो. आवाजाच्या मेनूत संगीत, इतर आवाज, भोवतालचे आवाज आणि पावलं ह्यांच्या वेगवेगळ्या पट्ट्या आहेत, हे मात्र एका कानाने खेळणाऱ्याला फार सोयीचं. आणि हो, ह्या गेममध्ये रात्रीचे दोन वाजले की शेतकरी चक्कर येऊन पडतो. पहाटे तीनला जागं राहून ते बघताना रात्रपाळीवाल्याला हसू आलंच पाहिजे.

"मिनी मेट्रो" लहान डावांसाठी बरा आहे. रेल्वेच्या रेषा ओढायच्या, बस्स. स्पेसबारने वेळ थांबते आणि थांबलेल्या वेळातही रेषा बदलता येतात. संगीत तुमच्या जाळ्यातूनच घडत जातं, मंद असतं, दचकवत नाही.

दचकण्यावरून आठवलं. "रिटर्न ऑफ द ओब्रा डिन" हा २०१८ चा गेम मला फार आवडतो. काळ्या-पांढऱ्या ठिपक्यांच्या चित्रांचा, जहाजावरच्या मृत्यूंचा शोध घेण्याचा. क्लिक कमी, विचार जास्त, वेळेचं बंधन नाही. कागदावर तो तुमच्यासाठीच बनवलाय. पण त्यातल्या प्रत्येक आठवणीआधी अंधारात आवाज ऐकू येतात आणि त्यात किंकाळ्या, बंदुका, मोडणारं लाकूड असं काय काय असतं. पहिल्यांदा खेळताना माझ्या हातातला पेला जमिनीवर पडला होता. घर जागं झालं ते माझ्यामुळेच. तेव्हा नवा गेम रात्री पहिल्यांदा उघडू नका. तासभर दिवसा खेळा आणि कुठे दचकता ते बघून ठेवा. दचकवणारा निघाला तर ठोके आणि इतर आवाजांची पट्टी संगीताच्या पट्टीपेक्षा खाली आणा. मेनूत "डायनॅमिक रेंज" असं काही असेल तर लहान रेंज निवडा, म्हणजे कुजबुज आणि स्फोट ह्यांतलं अंतर कमी होतं.

हाताच्या आवाजाबद्दल थोडं. माऊस लागणारच असेल तर "सायलेंट" म्हणून मिळणारा घ्या, त्याच्या बटणांना टिक नसते, नुसता मऊ धक्का. कीबोर्ड वेगळा वापरत असाल आणि प्रत्येक बटण टकटक करत असेल तर बहुधा निळ्या स्विचचा असेल, तो रात्री बाजूला ठेवा. लॅपटॉपचा स्वतःचा कीबोर्ड त्याहून कितीतरी मऊ असतो. लॅपटॉपखाली घडी घातलेला टॉवेल ठेवलात तर धप्प आवाज टेबलात उतरत नाही. टेबल भिंतीला टेकलेलं असेल आणि ती भिंत निजायच्या खोलीची असेल तर चार बोटं पुढे ओढा. फक्त टॉवेलने पंख्याची जाळी झाकू नका, नाहीतर लॅपटॉप तापून त्याचाच पंखा घोंघावायला लागेल. कंट्रोलर वापरत असाल तर त्याची थरथर बंद करा. हातात असताना तिचा आवाज जाणवत नाही, पण टेबलावर ठेवल्या क्षणी ती ढोल वाजवते.

आणखी एक अपघात सगळ्यांच्या वाट्याला कधीतरी येतो: हेडफोनची वायर निसटते किंवा ब्लूटूथची बॅटरी संपते, आणि गेम स्पीकरमधून गर्जतो. विंडोज प्रत्येक साधनाचा आवाज वेगळा लक्षात ठेवतं. तेव्हा एकदा हेडफोन काढा, स्पीकरचा आवाज शून्यावर आणा आणि मग हेडफोन परत लावा. आता निसटले तरी शांतताच पडेल. तुम्ही "स्पीकर बंद असतो" असं लिहिलंय, पण तो बंद आहे की हेडफोन लावल्यामुळे फक्त गप्प आहे, हे एकदा वायर उपटून बघा. दिवसा.

दोन आठवडे असं करून बघा आणि उशीवरचा प्रयोग पुन्हा करा, ह्या वेळी ते रेकॉर्डिंग बायकोला ऐकवा. त्यात काहीच नसेल आणि तरी तिची झोप मोडत असेल, तर प्रकाशाकडे बघा. दाराच्या फटीतून येणारा लुकलुकता निळा पट्टा आवाजाइतकाच त्रास देतो. स्क्रीनचा उजेड निम्म्यावर आणा आणि स्क्रीनची पाठ दाराकडे येईल असे बसा. म्हणजे तुमचं तोंडही दाराकडे येतं, आणि कुणी उठून आलं तर त्याला खांद्यावर हात ठेवून तुम्हाला दचकवावं लागत नाही.